एका घराच्या चष्म्यांचा जमाखर्च

शाळेची फी, घरभाडे, किराणा आणि सिलिंडर यांची तजवीज बहुतेक घरांत महिन्याच्या आरंभीच होते. चष्म्याची मात्र तो फुटला म्हणजे, वर्गशिक्षिकेची चिठ्ठी आली म्हणजे, अथवा आजीने देवापुढच्या समईभोवती वलये दिसू लागल्याची तक्रार केली म्हणजे होते. त्यामुळे पाच माणसांच्या घरात पाच निरनिराळ्या प्रसंगी, घाईत आणि दुकानदार सुचवील त्या भावाने खरेदी घडते, आणि वर्षअखेर कोणी हिशेब मांडलाच तर एका महिन्याची सगळी मिळकत काचांवर गेल्याचे आढळून येते. नागपुरात हे घडावे याचे अधिकच नवल वाटते, कारण ‘मेडिकल’ आणि ‘मेयो’ या नावांनी ओळखली जाणारी दोन शासकीय वैद्यकीय महाविद्यालये, मिहानमधील एम्स, महात्मे नेत्रपेढी व नेत्र रुग्णालय किंवा माधव नेत्रालय यांसारख्या सेवाभावी संस्था, आणि सणावारी, जयंतीपुण्यतिथीला भरणारी शिबिरे यांची या शहरात वाण नाही. उणीव आहे ती कोणती गोष्ट कोठून फुकट घ्यावी आणि कोणत्या गोष्टीस पदरचे पैसे मोजावेत, या विवेकाची.

या विवेकाचा प्रारंभ एका साध्या भेदापासून होतो. ‘चष्मा करणे’ या एका व्यवहारात वस्तुतः दोन खरेद्या असतात: एक डोळ्यांच्या तपासणीची आणि दुसरी काच व फ्रेम यांची. दुकानात तपासणी ‘मोफत’ असते, याचा अर्थ तिची किंमत काचेत मिळविलेली असते एवढाच. आणि ज्याने नंबर काढला त्याच्याकडेच चष्मा करण्याची भीड पडते ती वेगळीच. याउलट उत्तम तपासणी ही नागपुरात नाममात्र केसपेपरावर मिळू शकणारी वस्तू आहे, आणि चष्मा ही बाजारात चार ठिकाणी भाव विचारून घ्यावयाची वस्तू आहे. तेव्हा या दोहोंची फारकत करणे, म्हणजे तपासणी रुग्णालयात करून नंबराचा कागद हाती घेणे आणि मगच दुकानाची पायरी चढणे, ही काटकसरीची पहिली पायरी होय. मात्र त्या कागदावर दोन्ही डोळ्यांचा गोल नंबर, दंडगोल नंबर आणि त्याचा अक्ष, जवळच्या कामासाठीची भर, आणि दोन बाहुल्यांमधील अंतर इतके सर्व लिहिलेले असले पाहिजे. शेवटची बाब बहुधा गाळली जाते, व तीच पुढे नडते. काचेचा मध्यबिंदू बाहुलीसमोर आला नाही तर काच लोलकासारखी वागू लागते आणि डोळ्यांच्या स्नायूंना दिवसभर ती खेच सावरावी लागते. उणे तीनच्या काचेत ही चूक तीन-चार मिलिमीटरांची असली तरी संध्याकाळी डोके दुखण्यास ती पुरेशी ठरते, आणि रुग्ण मात्र ‘नंबरच चुकला’ असे समजून पुन्हा तपासणीच्या रांगेत उभा राहतो.

आता शिबिरांकडे वळू. फलकावर सर्वांचे नाव ‘मोफत नेत्रतपासणी शिबिर’ असेच असले तरी त्यांच्या तीन जाती आहेत, आणि जात ओळखल्याविना जाणाऱ्याचा हमखास भ्रमनिरास होतो. पहिली जात मोतीबिंदूचे रुग्ण निवडणाऱ्या शिबिराची. येथे मुख्य काम बॅटरीच्या प्रकाशात बाहुली पाहून शस्त्रक्रियेयोग्य माणसे वेगळी काढण्याचे असते. त्यांना गाडीतून मूळ रुग्णालयात नेऊन तेथे शस्त्रक्रिया होते. तंबूत अथवा शाळेच्या वर्गात शस्त्रक्रिया करण्याचा जुना काळ आता मागे पडला, हे उत्तमच झाले. दुसरी जात चाळिशीच्या चष्म्यांच्या वाटपाची. एका पेटीत अधिक एकपासून अधिक अडीच-तीनपर्यंतचे तयार चष्मे असतात, आणि जवळचा तक्ता वाचवून ज्याला जो मानवेल तो दिला जातो. हे वाटप क्षुल्लक समजू नये. आसामातील चहाच्या मळ्यांतील चाळिशी उलटलेल्या मजुरांवर झालेल्या आणि 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका काटेकोर प्रयोगात, केवळ जवळचा साधा चष्मा मिळालेल्या मजुरांची पाने खुडण्याची क्षमता न मिळालेल्यांच्या तुलनेत 21.7 टक्क्यांनी अधिक वाढल्याचे आढळले होते. तिसरी जात मात्र दुकानदारांनी सोसायट्यांत वा कार्यालयांत भरविलेल्या शिबिराची; ती वस्तुतः विक्रीची आघाडी असते. तिची खूण अशी की तेथे यंत्रात डोकावून निघालेला नंबर तोंडी सांगितला जातो किंवा दुकानाच्या कूपनावर लिहिला जातो. पूर्ण कागद मागितल्यास टाळाटाळ होते.

तिन्ही जातींना लागू असणारी एक मर्यादा आहे आणि ती चाळिशी उलटलेल्या प्रत्येकाने ध्यानी धरावी. नंबर काढणे म्हणजे डोळे तपासणे नव्हे. काचबिंदूत मध्यवर्ती दृष्टी अखेरपर्यंत शाबूत राहू शकते. असा माणूस शिबिरातील तक्त्याची शेवटची ओळ घडाघडा वाचतो, चाळिशीचा फुकट चष्मा घेऊन समाधानाने घरी जातो, आणि दृष्टीची कड आत आत सरकत राहते. मधुमेहामुळे पडद्यावर होणारे रक्तस्राव हेही नंबराच्या तपासणीत दिसत नाहीत. म्हणून शिबिरात चष्मा मिळाला तरी वर्षा-दोन वर्षांतून एकदा रुग्णालयात डोळ्यांचा दाब मोजून व बाहुली मोठी करून पडदा पाहून घेणे, हे कलम घराच्या हिशेबातून वगळता येत नाही. सुदैवाने त्याला पैसा थोडा व वेळ बराच लागतो.

ही चर्चा हवेत राहू नये म्हणून एक कुटुंब डोळ्यांसमोर धरू. ते कल्पित आहे, पण पूर्व नागपुरातील कोणत्याही वस्तीत सापडेल असे आहे. कर्ता पुरुष 46 वर्षांचा, ऑटोरिक्षा चालवतो. त्याची पत्नी 42 वर्षांची, घरी ब्लाउज शिवते. दोघांची मिळून मिळकत दरमहा 16,000, म्हणजे सालिना 1,92,000 रुपये. मुलगी 15 वर्षांची, उणे पावणेतीनचा चष्मा लावणारी. मुलगा 9 वर्षांचा, अजून चष्मा नसलेला. आणि आजी 71 वर्षांची. हे कुटुंब एखाद्या चकचकीत दुकानात एकदम गेले आणि विक्रेत्याच्या सल्ल्याने चालले, तर तिन्ही मोठ्यांना ‘प्रोग्रेसिव्ह’ काचा, मुलीला पातळ काच आणि मुलाला यंत्राने दाखविलेल्या नंबराचा चष्मा असा बेत ठरेल. प्रोग्रेसिव्हचे प्रत्येकी 4,000, मुलीचे 2,500 आणि मुलाचे 1,000 धरले तर एकूण 15,500 रुपये होतात. हे भाव हिशेबापुरते धरलेले आहेत. दुकानागणिक ते खालीवर होतील, परंतु प्रमाण असेच राहील. एका महिन्याच्या मिळकतीएवढी ही रक्कम देऊनही या घरातील दोन माणसांच्या डोळ्यांचा प्रश्न सुटलेला नसेल, आणि तीच गोष्ट अधिक गंभीर आहे.

त्या दोघांपैकी पहिला म्हणजे मुलगा. 2013 साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा व शासकीय आणि अनुदानित शाळांत एकदा येऊन मुलांची तपासणी करतात, व दृष्टिदोष ही त्यांच्या यादीतील एक बाब आहे. समजा या पथकाने मुलाचा एकेक डोळा झाकून तक्ता वाचवला, आणि उजव्याने शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचणारा मुलगा डाव्याने चौथ्या ओळीवर अडला. त्याने स्वतः कधीच तक्रार केली नव्हती, कारण उजवा डोळा सगळे काम निभावून नेत होता. दोन्ही डोळे उघडे ठेवून घेतलेल्या परीक्षेत तो पुढेही वर्षानुवर्षे उत्तीर्ण होत राहिला असता. ही तपासणी आईबापांना घरीही करता येते: भिंतीवरचे कॅलेंडर आणि मुलाचा तळहात एवढ्याच साहित्याची तिला गरज आहे, मात्र मुलगा बोटांच्या फटीतून पाहत नाही याची खात्री करावी.

येथून पुढे दुकानाचा मार्ग वर्ज्य समजावा. लहान मुलाच्या डोळ्यातील भिंग अतिशय लवचीक असते; यंत्रात डोकावताच त्याभोवतीचा स्नायू आपोआप आवळतो आणि खरा अधिक नंबर लपवतो, क्वचित त्याजागी खोटा उणे नंबरही दाखवतो. तो स्नायू सैल करणारे थेंब किंवा मलम घालून, मगच काढलेला नंबर मुलांच्या बाबतीत विश्वसनीय ठरतो. मेडिकल, मेयो अथवा कोणत्याही धर्मादाय नेत्ररुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात हे होते. त्यासाठी दोन खेपा पडण्याची आणि मधल्या काळात मुलाला वाचताना अंधुक दिसण्याची तयारी हवी, एवढेच. समजा डाव्या डोळ्याचा नंबर अधिक साडेतीन निघाला. आता हा चष्मा सोयीची वस्तू उरला नाही. ते औषध आहे. आजवर मेंदूला त्या डोळ्याकडून स्पष्ट चित्र कधी मिळालेच नाही, म्हणून तो डोळा ‘आळशी’ झाला आहे. त्यास काच लावून, आणि डॉक्टर सांगतील तितके तास चांगला डोळा पट्टीने झाकून कामाला लावावे लागेल. हा उपचार वय वाढेल तसा कमी फलद्रूप होत जातो. याच चष्म्याच्या खर्चात चालढकल करणारे घर पुढे अशा डोळ्याचे धनी होते की ज्याला कोणत्याही भावाची काच उपयोगी पडत नाही.

राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून शाळकरी मुलांना चष्मे मोफत देण्याची तरतूद आहे, आणि पथकाच्या चिठ्ठीचा उपयोग तेथे होतो. ती चिठ्ठी दप्तरात हरवू देऊ नये. तो मोफत चष्मा अवश्य घ्यावा, पण आणताना दोन गोष्टी पाहाव्यात. फ्रेम नाकावरून घसरत नाही ना, कारण घसरलेल्या चष्म्यावरून मूल वरच्या बाजूने पाहते आणि उपचार वाया जातो. आणि काचा तयार चष्म्यांसारख्या दोन्ही बाजूंना सारख्या बसविलेल्या नाहीत ना. येथे उजवी काच जवळपास सपाट व डावी जाड असणार, हे बोटांच्या चिमटीतही कळते. याखेरीज या मुलासाठी पदरचे 900 रुपये घालून दुसरा चष्मा करावा असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे, आणि त्यात पॉलिकार्बोनेटची काच असावी, कारण ती आघाताने सहसा तडकत नाही. नऊ वर्षांच्या मुलाचा चष्मा फुटणार हे गृहीतच धरावयाचे. प्रश्न एवढाच की नवा होईपर्यंतच्या पंधरा दिवसांत उपचार थांबतो की चालू राहतो.

मुलीचे प्रकरण यापेक्षा सरळ आहे. तिचा नंबर गेली काही वर्षे वाढत आला आहे आणि विशीच्या आसपास तो बहुधा स्थिरावेल. तोवर दर वर्षी काचा बदलाव्या लागतील असे धरूनच चालावे. जी काच वर्षभरात निकामी होणार तिच्यावर 2,500 रुपये घालण्यात अर्थ नाही. उणे पावणेतीनच्या काचेची कड जाड दिसते ती मुख्यतः फ्रेम मोठी निवडल्यामुळे. लहान व गोलसर फ्रेम घेतली तर जाड कडेचा भाग कातरून जातो आणि महागड्या पातळ काचेचे काम फुकटात होते. म्हणून पैसा फ्रेमच्या टिकाऊपणावर घालावा: काचेला चारी बाजूंनी कड असलेली, स्क्रूची बिजागरी असलेली, नाकाच्या पॅड बदलता येणारी फ्रेम 500 रुपयांत आणि साध्या कोटिंगची काच 700 रुपयांत, असे यंदा 1,200, पुढल्या वर्षी फ्रेम तीच ठेवून केवळ 700. काढलेल्या जुन्या काचाही टाकू नयेत. परीक्षेच्या आदल्या दिवशी चष्मा मोडला तर अर्ध्या नंबराने कमी असलेला जुना चष्माही प्रश्नपत्रिका वाचून देतो.

आईच्या बाबतीत शिबिरातील चाळिशीचा मोह होईल आणि तो आवरला पाहिजे. तिला थोडा दंडगोल नंबर आहे असे धरले आहे. तयार चष्म्यात तो नसतो, त्यामुळे अक्षरे मोठी दिसली तरी टाचा एका दिशेने पसरल्यासारख्या दिसतील. शिवाय तपासणीच्या वेळी पुस्तक धरावयाच्या अंतरावर नंबर ठरतो, आणि ही बाई तर मशीनच्या सुईकडे पाहून काम करते. तिने तपासणाऱ्यास आपले काम सांगावे आणि शक्य तर बसल्या जागेपासून सुईपर्यंतचे अंतर सुतळीने मोजून ती सुतळीच सोबत न्यावी. अंतर बदलले की जवळची भरही बदलते. तिचे 800 रुपये हे घरातील सर्वांत लवकर वसूल होणारे पैसे आहेत. प्रोग्रेसिव्ह काचेत जवळचा स्पष्ट पट्टा अरुंद असतो. शिवणकामात मान सतत वळवावी लागल्याने ती काच तिला 4,000 रुपये देऊनही मानवली नसती.

याउलट ऑटोवाल्याला दूरचा नंबर नाही, दोन्ही डोळे सारखे आहेत, आणि त्याला चष्मा लागतो तो मोबाइल व पावती वाचण्यापुरता. शिबिरातील तयार चाळिशी ही अगदी त्याच्यासाठीच असते. ती न मिळाल्यास 200 रुपयांत दोन घ्याव्यात, एक घरी आणि एक गाडीत; मात्र गाडी चालवताना ती नाकावर ठेवू नये, कारण तिच्यातून दूरचे धूसर दिसते. त्याने खर्च करावयाचा आहे तो अर्ध्या दिवसाच्या धंद्याचा, डोळ्यांचा दाब तपासून घेण्यासाठी.

राहिली आजी, आणि शासकीय योजनांची खरी गुंतागुंत तिच्याच पदरी येते. तिला मोतीबिंदू आहे. जोवर तो डोळ्यात आहे तोवर तिच्यासाठी केलेला कोणताही चष्मा काही महिन्यांचा सोबती ठरतो. पिकत्या मोतीबिंदूने नंबर सरकत राहतो, आणि शस्त्रक्रियेत आत भिंग बसले की आधीचा नंबर रद्दबातल होतो. चष्म्याच्या दुकानात ही गोष्ट सांगितली जाईलच याचा भरवसा नसतो. शासकीय रुग्णालयात आणि अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाशी संलग्न सेवाभावी रुग्णालयांत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मोफत होते, व नंतरच्या चष्म्याची तरतूदही तीत धरलेली असते. शस्त्रक्रियेनंतर लगेच मिळतो तो काळा चष्मा केवळ धूळ व प्रखर उजेड यांपासूनच्या रक्षणापुरता. खरा नंबर जखम भरून डोळा स्थिरावल्यावर, साधारणतः महिना-दीड महिन्याने, काढतात. पुष्कळ म्हाताऱ्या माणसांचा हिशेब येथेच चुकतो: दिसू लागले म्हणून ती दुसऱ्या भेटीस जातच नाहीत, आणि हक्काचा चष्मा तसाच राहून जातो.

आता मुख्यमंत्री वयोश्री योजना पाहा. 2024 च्या फेब्रुवारीतील शासन निर्णयान्वये 65 वर्षे पूर्ण केलेल्या आणि कौटुंबिक वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना सहाय्यक साधनांसाठी एकरकमी 3,000 रुपये आधारशी जोडलेल्या बँक खात्यात मिळतात. अर्ज समाजकल्याण विभागाच्या सहाय्यक आयुक्तांकडे, म्हणजे नागपुरात दीक्षाभूमीजवळच्या सामाजिक न्याय भवनात रुजू करावयाचा. साधनांच्या यादीत चष्मा आहे, तसेच श्रवणयंत्र, तिपाई काठी, फोल्डिंग वॉकर, कमोड खुर्ची, गुडघ्याचा पट्टा, कमरेचा पट्टा हीही आहेत. या योजनेच्या दोन शर्ती आजीच्या बाबतीत निर्णायक ठरतात. रक्कम जमा झाल्यापासून 30 दिवसांच्या आत खरेदीचे देयक सादर करावे लागते, अन्यथा वसुलीचा प्रसंग येतो. आणि तेच साधन गेल्या तीन वर्षांत अन्य शासकीय स्रोताकडून विनामूल्य घेतलेले नाही, असे स्वयंघोषणापत्र द्यावे लागते. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना 2017 पासून दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना अशीच साधने वस्तुरूपाने देत आली आहे, तेव्हा शेजारच्या शिबिरातून तिच्यामार्फत कोणी चष्मा नेला असेल तर त्याने या दुसऱ्या योजनेत चष्मा लिहू नये.

आजीचे पैसे शस्त्रक्रियेपूर्वी खात्यात आले, आणि मुदत टळू नये म्हणून घरच्यांनी घाईने 3,000 चा चष्मा केला, तर शासनाचे पैसे, देयक आणि चष्मा तिन्ही नियमानुसार असूनही दीड महिन्यात तो चष्मा कपाटात जाईल. सुज्ञ मार्ग असा की चष्मा शस्त्रक्रियेच्या हक्कातून घ्यावा आणि वयोश्रीच्या रकमेतून गुडघ्याचा पट्टा व तिपाई काठी घ्यावी. एकाच साधनाची दोनदा मागणी न झाल्याने घोषणापत्रही खरे राहते. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत असेल तर दुसऱ्या डोळ्याचा निर्णय होईपर्यंत पहिल्याचा कायमचा चष्माही थांबवावा की नाही, हे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विचारावे.

अशा रीतीने मुलाचे 900, मुलीचे 1,200, आईचे 800 आणि वडिलांचे 200 मिळून 3,100 रुपये होतात, आणि आजीचे शून्य. दरमहा अडीचशे रुपये बाजूला काढणाऱ्या घराला ही रक्कम साधारण वर्षभरात उभी करता येते. कराचाही थोडा हातभार आहे: 22 सप्टेंबर 2025 पासून नंबराचा चष्मा, त्याच्या काचा व फ्रेम यांवरील जीएसटी पाच टक्क्यांवर आला आहे, बिननंबरी गॉगलवर मात्र तो 18 टक्के आहे, देयकावर अद्याप जुना दर दिसला तर विचारणा करावी. ‘एकावर एक मोफत’ या जाहिरातीला मुलीच्या किंवा मुलाच्या सुट्या चष्म्यापुरता अर्थ आहे, तोही दोन चष्म्यांची बेरीज एका साध्या दुकानातील दोन चष्म्यांहून कमी असेल तरच.

पैसा खर्च झाल्यावर त्याचे रक्षण करणारी गोष्ट म्हणजे हमी, अर्थात वॉरंटी. आणि नागपुरात तिचा खरा शत्रू येथला उन्हाळा आहे. 23 मे 2013 रोजी येथे 47.9 अंश तापमान नोंदले गेले होते, आणि अशा दुपारी उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीच्या किंवा काचेमागच्या ऑटोच्या कप्प्यात उष्णता याहूनही कितीतरी चढते. चकाकी कमी करणारे कोटिंग म्हणजे धातूंच्या व सिलिकॉनच्या ऑक्साइडांचे, सगळे मिळून मिलिमीटरच्या सहस्रांशाहूनही पातळ असे थर. खालचे प्लॅस्टिक तापून ज्या प्रमाणात प्रसरण पावते, त्या प्रमाणात हे काचेसारखे ठिसूळ थर पसरू शकत नाहीत आणि आटलेल्या तळ्याच्या गाळासारखे तडकतात. एकदा तडकलेले कोटिंग पुसून वा घासून पूर्ववत होत नाही. शेगडीवरच्या वाफेत वाकणे आणि चष्मा कढत पाण्याने धुणे यांचाही परिणाम त्याच जातीचा.

बहुतेक हमीपत्रांत ‘उष्णतेने झालेली हानी’ वगळलेली असते, म्हणून तक्रार घेऊन जाण्यापूर्वी दोष कोणता हे आपणच ओळखलेले बरे. काच ट्यूबलाइटखाली तिरपी धरावी. संपूर्ण पृष्ठभागावर सारख्या बारीक जाळीच्या रेषा दिसल्या तर ती उष्णतेची करणी आहे, आणि तेथे दुकानदाराची बाजू बहुधा खरी असते. कोटिंग कडेकडून साल निघावी तसे तुकड्यांनी सुटत असेल, विशेषतः ते पहिल्याच काही महिन्यांत आणि एकाच काचेवर होत असेल, तर तो निर्मितीतील दोष मानून बदली मागण्यास जागा आहे. एकट्या सरळ रेषा म्हणजे ओरखडे. ते धुळीवर कोरड्या पदराने काच पुसल्याचे फळ असते आणि त्यांची हमी क्वचितच मिळते. उन्हाळ्यात नागपूरची धूळ आधी साध्या पाण्याने घालवून मगच पुसावे, एवढी काळजी कोणत्याही कोटिंगचे आयुष्य वाढवते. फ्रेमच्या बाबतीत बिजागरीचा सांधा आपोआप सुटणे किंवा मुलामा घामाने हिरवा पडणे हे सामान्यतः हमीत बसते; बसून मोडलेली दांडी बसत नाही.

हमी देयकावर लिहून घेतली तरच ती हमी. तोंडी ‘वर्षभर काही झाले तर या’ याला विक्रेता बदलताच काही मोल उरत नाही. देयकावर काच कोणत्या कंपनीची, कोणत्या जातीची, कोणत्या कोटिंगची, नंबर किती, फ्रेमचा क्रमांक कोणता, आणि काचेची व फ्रेमची मुदत वेगवेगळी किती महिन्यांची, हे लिहविले पाहिजे. चष्मा ताब्यात घेतेवेळी दुकानातील लेन्सोमीटरवर दोन्ही काचांचा नंबर आपल्यासमोर वाचवून कागदाशी ताडावा. पाव नंबराहून अधिक तफावत असेल तर चष्मा तेथेच परत ठेवावा. चष्मा आणल्यावर आठवडाभर जमीन खोल वा तिरकी भासणे हे नव्या दंडगोल नंबरात पुष्कळदा होते आणि बहुधा निवळते. पंधरवड्यानंतरही ते टिकले तर नंबर व मध्यबिंदू पुन्हा तपासून घ्यावेत, आणि ते ‘न मानवल्यास बदली’ची मुदत संपण्यापूर्वी घ्यावेत, कारण ती मुदत पुष्कळ ठिकाणी महिन्याच्या आतच असते.

देयकाच्या पायथ्याशी ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असे छापलेले असते, ते वाचून गिऱ्हाईक परत फिरते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल देयकात नमूद मुदतीत, आणि मुदत नमूदच नसेल तर 30 दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. आधी दुकानदारास लेखी तक्रार देऊन तिची पोच घ्यावी, मग 1915 या राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीवर ती नोंदवावी. बहुतेक प्रकरणे येथेच मिटतात. नाहीच मिटले तर सिव्हिल लाइन्समधील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारास तेथे शुल्क नाही. 1,200 रुपयांच्या चष्म्यासाठी तारखांमागून तारखा मोजणे परवडते की नाही, हा प्रश्न ज्याचा त्याने सोडवावा. पण पोच घेतलेल्या तक्रारीची एक प्रत दुकानाच्या गल्ल्यापाशी पोहोचली की पुष्कळदा नवी काच आठवड्याच्या आत तयार होते.